शून्यावरून वाढ किती टक्के?

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीमुळे देशातले मोटार कारखाने बंद होते; मारुतीची देशांतर्गत विक्री त्या महिन्यात शून्य होती. समजा, भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने एप्रिल 2019 मध्ये 4000 सुटे भाग पाठवले, 2020 मध्ये 0 आणि 2021 मध्ये 3600.

टक्केवारी काढताना फरकाला मागच्या वर्षाच्या आकड्याने भागतात. 2020 चं उत्तर सरळ आहे, −100%. पण 2021 साठी शून्याने भागावं लागतं आणि एक्सेल `#DIV/0!` दाखवतं. काही जण मग शून्याच्या जागी 1 टाकतात आणि वाढ 3,59,900% येते! तिथे 0% लिहिणंही खोटंच, कारण त्याचा अर्थ ‘काही बदल नाही’ असा होतो.

दुसरा सापळा रिकाम्या चौकटीचा. नोंदच नसेल तर ते शून्य नव्हे. पण एक्सेल हिशेबात रिकामी चौकट शून्यच धरतं. यंदाचा आकडा भरायचा राहिला, तर 100% घट दिसते. म्हणून रिकामेपणा आधी तपासायचा. B मध्ये मागचं वर्ष, C मध्ये यंदाचं:

```
=IF(OR(B2="",C2=""),"नोंद नाही",IF(B2=0,"लागू नाही",(C2-B2)/B2))
```

शेजारी नगांमधला फरक द्यावा: +3600. आणि तळटीपेत 2019 शी तुलना: −10%. धंदा अजून पूर्ववत झालेला नाही, हे त्यातूनच कळतं.