बिलं जुळतात, माल जुळतो का?

जालन्याच्या एखाद्या रोलिंग मिलने पुण्यातल्या व्यापाऱ्याला १० लाखांच्या सळया विकल्या, तर त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १.८० लाख रुपये होतो. व्यापारी तोच माल ११ लाखांना विकतो आणि गिऱ्हाइकाकडून १.९८ लाख कर घेतो. सरकारकडे मात्र तो फक्त १८ हजार भरतो, कारण मिलला दिलेले १.८० लाख त्याला वजा मिळतात. मिलने तो कर भरलाच नाही, तर सरकार न मिळालेल्या पैशाची वजावट देऊन बसते.

मूल्यवर्धित कराची ही जुनी दुखरी नस आहे. महाराष्ट्रात व्हॅटच्या काळात माल न देता नुसती बिलं विकणाऱ्यांना ‘हवाला डीलर’ हे नावच पडलं होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं विवरण ओळीला ओळ जुळवायचं ठरलं होतं, पण ती योजना काही महिन्यांतच थांबवावी लागली.

आता विकणाऱ्याने GSTR-1 मध्ये दाखवलेली बिलं घेणाऱ्याच्या GSTR-2B मध्ये आपोआप उतरतात. २०२२ पासून तिथे बिल दिसलं नाही तर वजावट नाही. मिलने बिल दडवलं, की व्यापाऱ्याचे १.८० लाख अडकतात आणि अधिकाऱ्याआधी त्याचाच फोन जालन्याला जातो.

ई-इन्व्हॉइसने याच्या अलीकडचं दार बंद केलं. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्या विक्रेत्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावचं बिल आधी सरकारमान्य पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड मिळतो. त्यांच्याशिवाय असं बिल ग्राह्यच नाही. एकाच क्रमांकाचं बिल त्याच वर्षात दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही आणि पोर्टलवरून ते रद्द करायला २४ तासच मिळतात. नोंदलेलं बिल थेट GSTR-1 मध्ये जातं, त्यामुळे दडवायला वाव उरत नाही.

बिल दाखवून कर कमी भरला, तर मात्र 2B मध्ये सगळं सुरळीत दिसतं. ती चोरी GSTR-1 आणि GSTR-3B यांच्यातल्या फरकावरून कळते. फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की संगणक DRC-01B ही सूचना पाठवतो.

खरा अवघड प्रकार वेगळाच आहे. बोगस फर्म नोंदणी करते, बिलं फाडते, विवरणंही भरते आणि आपला कर दुसऱ्या बोगस फर्मच्या वजावटीतून वळता करते. कागद कागदाला तंतोतंत जुळतो, सळई मात्र कुठून निघालेलीच नसते. अशा वेळी ई-वे बिलावरचा गाडी क्रमांक, टोलनाक्यांवरच्या फास्टॅग नोंदी आणि फर्मचा पत्ता तपासावा लागतो. वीस टन सळया वाहणारी ‘गाडी’ स्कूटर निघाली, तर चोरी उघडीच पडते.

साखळीचं शेवटचं टोक अजून मोकळंच आहे. घर बांधणारा माणूस वजावट मागत नाही, म्हणून कच्च्या पावतीवर घेतलेली सळई जुळवायला समोर दुसरं बिलच नसतं.