सात दिवसांचा शोक

माधवनगरहून कुणी अलिबागच्या बेने इस्रायली मित्राकडे समाचाराला निघाला, तर आधी वार पाहावा. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला हा मराठीभाषक ज्यू समाज. त्यांच्या धर्मात दफनानंतर सात दिवस शोक पाळतात. त्याला ‘शिवा’ म्हणतात.

दफनाचा दिवस पहिला धरतात. सोमवारी दुपारी दफन झाले, तर शोक रविवारी सकाळी संपतो. मधला शनिवार मोजला जातो, पण शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत उघड शोक करत नाहीत. म्हणून त्या वेळी भेटायला जाऊ नये.

घरात आरसे झाकलेले असतात, दिवा तेवत असतो. आईवडील, भावंडे, जोडीदार किंवा अपत्य गमावलेली माणसे जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसतात. त्यांचे दफनानंतरचे पहिले जेवण शेजारी आणतात. त्यात उकडलेली अंडी असतात.

पाहुण्याने नमस्कार-चमत्कार न करता शेजारी बसावे. पहिला शब्द शोकाकुलाचा. “कसं झालं हो?” हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे फार बोचतो. तो गप्प राहिला, तर आपणही गप्प राहावे. गेलेल्याची आठवण त्याने काढली, तर आपलीही सांगावी.

फुले नेऊ नयेत. निरोपाला तो उठणार नाही, त्याचा राग मानू नये.