खिम्यातली चरबी : निथळली किती, उरली किती

खिमा कोरड्या कढईत परतायला घेतला की पहिली काही मिनिटं तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो. मांसातलं पाणी सुटतं, गुलाबी रंग जाऊन राखाडी येतो आणि कढईत गढूळ रस जमतो. या वेळी निथळायला गेलात तर चरबीपेक्षा पाणीच जास्त जाईल आणि त्याबरोबर चवही. आणखी थोडं थांबायचं. पाणी आटत आलं की रटरट थांबते, चरचर सुरू होते आणि कढई कलती केल्यावर बुडाशी स्वच्छ, पिवळसर ओघळ दिसतो. ती वितळलेली चरबी. निथळायची वेळ हीच.

आपल्याकडे पुष्कळांना खिमा आवडतो आणि त्यांतल्या कित्येकांना डॉक्टरांनी चरबी मोजून खायला सांगितलेलं असतं. म्हणून निथळल्यावर ताटात नक्की किती चरबी उरते, हे कळायला हवं. त्या हिशोबात बहुतेकांची एकाच जागी गफलत होते.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत लॅम्बचा खिमा पाकिटातून येतो आणि त्यावर शंभर ग्रॅममागे चरबी किती ते छापलेलं असतं. समजा, ती 20 ग्रॅम आहे. हा आकडा कच्च्या खिम्याचा. शिजवून, निथळून झाल्यावर त्याच शंभर ग्रॅममध्ये किती उरेल? निम्मी गेली तर दहा, असं आपण मनात धरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते वेगळंच सांगतात. वीस टक्के चरबीचा बीफचा खिमा परतून निथळला, तरी शिजलेल्या शंभर ग्रॅममध्ये सतराच्या आसपास ग्रॅम चरबी असते.

म्हणजे निथळणं फुकट गेलं का? नाही. चरबी गेली, पण पाणीही गेलं. शंभर ग्रॅम कच्च्या खिम्याचे शिजल्यावर पासष्टच्या आसपास ग्रॅम राहतात. त्या पासष्ट ग्रॅममध्ये चरबी अकरा ग्रॅम. वीसातली नऊ ग्रॅम खरोखरच बाहेर पडली; फक्त मांस आकसल्यामुळे टक्केवारी जवळजवळ होती तिथेच राहिली. म्हणून टक्केवारीकडे पाहू नका. अख्ख्या कढईत एकूण किती ग्रॅम चरबी आली आणि किती बाहेर गेली, एवढंच धरा.

हे घरी मोजता येतं. लागतो तो फक्त स्वयंपाकघरातला वजनकाटा. पाचशे ग्रॅम खिमा घ्या. पाकिटावर वीस ग्रॅम लिहिलं असेल तर एकूण चरबी शंभर ग्रॅम. तेल न घालता परता, गोळे मोडत राहा. चरचर सुरू झाली की खोल भांड्यावर स्टीलची चाळणी ठेवून खिमा त्यात ओता आणि डावाच्या पाठीने हलकेच दाबा. हे गरम असतानाच करायला हवं. मेंढीची चरबी लवकर थिजते. खिमा कोमट झाला की ती दाण्यांनाच चिकटून बसते.

आता भांड्यातला सगळा द्रव वजन करून चरबी म्हणून वजा करण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण त्यात पाणी आणि मांसाचा रसही आहे. भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. काही तासांनी वर पांढरी, घट्ट चकती जमलेली दिसेल आणि खाली तपकिरी, जेलीसारखा थर. चकती उचलायची, खालची बाजू कागदाने टिपायची आणि काट्यावर ठेवायची. समजा, ती 38 ग्रॅम भरली. मग खिम्यात उरली 62. खालची जेली टाकू नका. ती मांसाचा अर्क आहे, रश्श्यात घाला. चकती मात्र मोरीत न सोडता कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका, नाहीतर नळी तुंबेल.

कढईला माखलेली चरबी मोजायची गरज नाही. त्याच कढईत पुढे कांदा परतणार आहात, म्हणजे ती पदार्थातच जाणार. ती त्या 62 मध्ये धरलेलीच आहे. कांदा आणि आलं-लसूण परतायला दहा ग्रॅम तेल घातलंत तर बेरीज 72. टोमॅटो, मटार, मसाला घालून खिमा तयार झाला आणि चौघांनी सारखा वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला 18 ग्रॅम चरबी. निथळला नसता तर साडेसत्तावीस. माणशी साडेनऊ ग्रॅमचा फरक, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास कॅलरी.

निथळायचं ते मसाल्याआधीच. मिरचीचा रंग आणि गरम मसाल्याचा वास चरबीत उतरतो. सगळं शिजल्यावर वरची तर्री काढलीत तर खिम्याची चवच काढून घेतल्यासारखं होतं. शिवाय तेव्हा हिशोबही अवघड होतो, कारण तर्रीत मांसाची चरबी आणि फोडणीचं तेल एकजीव झालेलं असतं. काढायची वेळ आलीच, तर दोन्हींची एकत्र बेरीज करून त्यातून निघालेल्या थराचं वजन वजा करा.

आणखी एक चूक सर्रास होते. मोबाइलवरच्या आहार नोंदवहीत 'शिजवून निथळलेला खिमा' अशी वेगळी नोंद मिळते. ती निवडली तर शिजलेल्या खिम्याचं वजन घालायचं आणि वजाबाकी पुन्हा करायची नाही. त्या आकड्यात ती झालेली असते. कच्च्याची नोंद घेतली तर वजनही कच्चंच घालायचं.

याहून जास्त चरबी काढायचे उपायही आहेत. 1991 साली बोस्टनच्या डोनाल्ड स्मॉल आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पद्धत मांडली: खिमा वनस्पती तेलात गरम करायचा, उकळत्या पाण्याने धुवायचा आणि धुवणातली चरबी काढून उरलेला रस परत मांसात मिसळायचा. पद्धत पक्की आहे, पण रोजच्या स्वयंपाकात ती खटपटीची वाटते. नुसत्या निथळण्याची एक मर्यादाही ओळखून असावं. कोलेस्टेरॉल मांसाच्या पेशींतही असतं, त्यामुळे चरबी जितकी गळते तितक्या प्रमाणात ते कमी होत नाही.

आणि मुळातच खिमा कमी चरबीचा असेल तर निथळायला काही उरतच नाही. पाच टक्के चरबीचा खिमा शिजला की त्याच तक्त्यांत शंभर ग्रॅममागे साडेसात ग्रॅम चरबी दिसते. आकडा वाढला तो पाणी गेल्यामुळे. चरबी जवळजवळ सगळी आतच राहिली. वीस टक्क्यांचा खिमा कितीही निथळा, तो पाच टक्क्यांच्या खिम्याची बरोबरी करत नाही.

महाराष्ट्रात खाटकाकडून घेतलेल्या मटणाच्या खिम्यावर कुठलंच लेबल नसतं. बोकडाचं मांस अंगचं फारसं चरबीचं नसतं; खिम्यात चरबी वाढते ती यंत्रात मांसाबरोबर टाकलेल्या तुकड्यांमुळे. म्हणून आधीच दळून ठेवलेला खिमा घेऊ नका. मांडीचं मटण निवडा, वरची चरबी समोर काढून घ्या आणि मगच त्याचा खिमा करून मागा.