हाहाहा सहज लिहिता येते, खूऽऽऽप का अडते?

हसताना श्वास सलग बाहेर पडत नाही, तुकड्यातुकड्यांनी पडतो. प्रत्येक तुकड्यात ‘ह’सारखा एक झोत असतो आणि त्याच्या पाठोपाठ एखादा स्वर. हा प्रकार माणसाच्या घशाचा आहे, कोणा एका भाषेचा नाही. म्हणूनच लिहिलेले हसू एका भाषेतून दुसरीत अडखळत नाही. मोबाइलच्या कितीतरी आधी, इ.स. १०००च्या सुमारास, एल्फ्रिक नावाच्या इंग्लंडमधील मठवासी लेखकाने लॅटिनचे व्याकरण आपल्या भाषेत लिहिले. haha आणि hehe ही लॅटिनमध्येही आणि इंग्रजीतही हसण्याची खूण आहे, अशी नोंद त्यात सापडते.

आवाज सारखा असला तरी तो कागदावर कसा उतरेल, हे त्या त्या लेखनपद्धतीवर ठरते. स्पॅनिशमध्ये h उच्चारत नाहीत आणि j चा उच्चार खरखरीत ‘ह’ किंवा ‘ख’च्या जवळचा असतो, म्हणून तिथे jajaja लिहितात. अरबीत ऱ्हस्व स्वर एरवी लिहीतच नाहीत. तिथे नुसत्या ‘ह’ची रांग पुरते. थाई भाषेत पाचाच्या आकड्याला ‘हा’ म्हणतात, म्हणून थाई लोक हसू 555 असे लिहितात. हेच आकडे चिनी गप्पांत मात्र उलटतात. चिनीत पाच म्हणजे ‘वू’, आणि ‘वूवूवू’ हा हुंदक्यांचा आवाज. तेव्हा बँकॉकहून हसत पाठवलेला 555 चिनी वाचणाऱ्याला रडणे वाटू शकतो.

मराठीत हसण्याचे आवाज पूर्वीपासून भरपूर आहेत: खोखो, फिदीफिदी, खुदकन. पण ते कोण कसे हसले हे सांगतात. त्यांना ‘हसणे’ हे क्रियापद लागते. गप्पांतला ‘हाहाहा’ हसण्याचे वर्णन करत नाही. तो स्वतःच हसण्याच्या जागी येतो, आणि लांबी वाढली की हसूही वाढले असे वाचणारा धरून चालतो.

अक्षर ताणणे ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक देवनागरीत स्वच्छ दिसतो. हसण्यात पूर्ण अक्षर पुन्हा पुन्हा येते: हा, हा, हा. soooo मध्ये पुन्हा येतो तो अक्षराचा फक्त एक भाग, म्हणजे स्वर. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन शेजारी शेजारी सुटे बसतात, त्यामुळे दोन्ही कामांसाठी त्याच कळा पुन्हा पुन्हा दाबत राहायच्या. देवनागरीत स्वर मात्रा होऊन व्यंजनाला चिकटतो. ‘हा’ कितीही वेळा टंकता येतो, कारण प्रत्येक वेळी काना ठेवायला नवा ‘ह’ असतो. पण ‘खूप’ ताणायला घेतले की अडचण येते. पहिला ऊकार ‘ख’ला लागतो, पुढच्या ऊकारांना धरायला व्यंजनच उरत नाही. मग बहुतेक पडद्यांवर ते ठिपक्याठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला लोंबकळताना दिसतात.

यातून सुटण्याची वाट मराठी छपाईकडे आधीपासून आहे, ती म्हणजे अवग्रह. कथा-नाटकांत हाक लांबवण्यासाठी ‘आईऽऽ’ असे छापतात, तसेच ‘खूऽऽऽप’ लिहिता येते. कोणता स्वर लांबवायचा ते आधीच्या अक्षरावरून कळते, त्यामुळे एकच चिन्ह सगळ्या स्वरांना चालते. इतकी नेटकी सोय रोमन लिपीतही नाही. मात्र अवग्रह कळफलकावर चटकन सापडत नाही. म्हणून बरेच जण पूर्ण स्वर घालून ‘खूऊऊऊप’ करतात, नाहीतर सरळ khuuuup लिहून मोकळे होतात.

रोमन मराठीत khupppp असेही दिसते. ‘प’ उच्चारताना ओठ मिटतात आणि आवाज थांबतो, तो लांबवून बोलणे शक्य नाही. तरीही वाचणाऱ्याला जोर कळतो, कारण इथे डोळा कानाची वाट पाहत नाही. हेच देवनागरीत ‘खूपपपप’ केले तर प्रत्येक ‘प’ सुट्या अक्षरासारखा वाचला जातो आणि ताणापेक्षा तोतरेपणाचा भास अधिक होतो. शेवटी ‘स’ किंवा ‘र’ असेल तर इतके खटकत नाही; हे आवाज तोंडातही लांबवता येतात, त्यामुळे ‘बसससस’ ओळखीचे वाटते.

रोमन मराठीची अडचण निराळी आहे. इंग्रजीच्या वळणाने मराठी लिहिताना दीर्घ स्वर दाखवायला तेच अक्षर दोनदा टंकतात: kaay, khoop. इथे जोडअक्षरात भावना नाही, ते नुसते शब्दाचे लेखन आहे. ताण सुरू होतो तिसऱ्या अक्षरापासून. त्यामुळे kaay हा साधा प्रश्न ठरतो, तर kaaaay मध्ये आश्चर्य किंवा चीड असते. आणि या दोहोंमधला kaaay नेमका कुठल्या बाजूचा, हे एरवी त्या माणसाला काना किती वेळा टंकायची सवय आहे यावरूनच ठरवावे लागते.