धूर छातीत थांबत नाही

मंडळी, तारापूर एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बोईसरच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांवर बिडी पेटते, हे आपण रोज बघतो. धुराने छाती बिघडते, हे सगळ्यांना माहीत आहे. आज आपण बघू, तोच धूर आठवणीपर्यंत कसा पोचतो.

मेंदूच्या खोल भागात फार बारीक रक्तवाहिन्या असतात. गावातल्या एखाद्या वस्तीला एकच नळ असावा, तसं त्यांचं आहे. नळ बंद पडला तर दुसरीकडून पाणी नाही. या वाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांना सैल ठेवतं. धुरातली द्रव्यं नेमकी त्या अस्तराला इजा करतात. वाहिनीची भिंत जाड आणि ताठ होते, रक्त लवकर गोठतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. मग एखादी वाहिनी बंद पडते आणि मेंदूचा दाण्याएवढा तुकडा मरतो. हात-पाय लुळे पडत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ५८ वर्षांचे एक ऑपरेटर, पस्तीस वर्षं रोज एक बंडल बिडी. एकेक काम अजून जमतं, पण त्यांचा क्रम लावताना गोंधळ होतो. लॉगबुक भरायला दुप्पट वेळ लागतो. घरचे म्हणतात, "वय झालं." काही महिने तब्येत आहे तशीच राहते, मग अचानक एक पायरी खाली. काल काय जेवलात, विचारलं तर आठवत नाही, "मासे होते का?" म्हटलं की लगेच आठवतं. म्हणजे आठवण साठवलेली आहे, तिच्यापर्यंतची वाट तुटली आहे. अल्झायमरमध्ये अशी खूण देऊनही बहुधा उपयोग होत नाही. पण एवढ्यावरून निदान करू नका. दोन्ही आजार एकत्रही असतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांनीही विसरायला होतं, म्हणून तपासण्या लागतात. बीपी आणि साखर तर बघायलाच हवी.

२०११ साली कॅलिफोर्नियातल्या २१,१२३ लोकांचा अभ्यास छापून आला. पन्नाशी-साठीत दिवसाला दोन पाकिटांहून जास्त ओढणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. ज्यांनी आधीच सोडली होती, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. हा अभ्यास सिगारेटचा होता. पण बिडी सौम्य असते, या समजुतीत राहू नका. ती विझू नये म्हणून जास्त झुरके घ्यावे लागतात आणि धूर जास्तच आत जातो.

मेलेला तुकडा परत येत नाही. पण पुढची वाहिनी वाचवता येते. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत फोन करा. डॉक्टरकडे गेलात की दोन आकडे आठवणीने सांगा: रोज किती, आणि किती वर्षं.