n ने गुणलं तरी त्रिज्या तीच

या आठवड्यात eˣ घ्यायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो. मागच्या लेखावर साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय आणि त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. आपण 1 + x + x² + x³ + … या श्रेढीचं पदशः अवकलन करून 1 + 2x + 3x² + 4x³ + … ही श्रेढी मिळवली होती. ते विचारतात, "आधी सगळे सहगुणक 1 होते, आता ते 1, 2, 3 असे वाढतच चाललेत, त्यांना वरची मर्यादाच नाही. पदं एवढी फुगली, तर अभिसरणाचा पट्टा थोडा तरी आक्रसायला नको का?"

रास्त शंका आहे, आणि तिचं उत्तर एकदा हाताने आकडे मांडून बघण्यासारखं आहे. x = 0.9 घ्या. नव्या श्रेढीचं n वं पद n·0.9ⁿ⁻¹. सुरुवातीला n चीच सरशी होते: 1, मग 1.8, मग 2.43, असं चढत नववं पद 3.87 पर्यंत जातं. दहावंही बरोबर तेवढंच. तिथून उतार लागतो. पन्नासावं पद 0.29 वर येतं आणि शंभरावं 0.003 च्याही खाली. सगळ्यांची बेरीज 100 होते. मूळ श्रेढीची 10 होती. म्हणजे बेरीज फुगली खरी, पण हाताबाहेर गेली नाही.

दहाव्या पदाशीच उतार का लागावा? n चं 1 वरून 2 होणं म्हणजे शंभर टक्के वाढ, पण 9 चं 10 होणं म्हणजे जेमतेम 11 टक्के, आणि 100 चं 101 होणं म्हणजे फक्त एक टक्का. उलट 0.9 हा गुणक दर पायरीला 10 टक्के कापतो, अगदी न चुकता. दरवर्षी ठरावीक रुपयांची पगारवाढ आणि टक्क्यांनी चढणारी महागाई, यांच्यात शेवटी कोण जिंकतं ते सांगायला नको. x = 0.999 घेतलंत तर n ला जास्त वेळ मिळतो. हजाराव्या पदाच्या आसपास आकडा 368 पर्यंत चढतो आणि बेरीज दहा लाख होते. पण विसाव्या हजाराशी पोचाल तेव्हा पद 0.00005 च्या खाली गेलेलं असतं. x एकाच्या कितीही जवळ न्या, पण एकाच्या आत ठेवा, निकाल तोच.

ही झाली एक श्रेढी. आता aₙxⁿ पदांची कुठलीही घातश्रेढी घेऊ. तिची त्रिज्या R. सहगुणक कसे आहेत ते आपल्याला माहीत नाही, तरी युक्ती तीच चालते. x त्रिज्येच्या आत आहे, म्हणजे x आणि R यांच्यामध्ये थोडी तरी मोकळी जागा आहे. त्या जागेत r ही संख्या रोवा: |x| < r < R. r वर मूळ श्रेढी अभिसारी आहे, त्यामुळे |aₙ|rⁿ ही पदं कुठल्या तरी M च्या वर जात नाहीत. मग

n|aₙ||x|ⁿ ≤ M · n · (|x|/r)ⁿ

आणि |x|/r ही एकाहून लहान ठरावीक संख्या आहे. उजवी बाजू म्हणजे वरचीच 0.9 ची गोष्ट. अवकलित श्रेढीत घात एकाने कमी असतो, पण सगळ्या श्रेढीला एकदा x ने भागल्याने अभिसरण बिघडत नाही. तेव्हा त्रिज्या घटत नाही. वाढत का नाही? कारण n ने गुणून पदं लहान होत नाहीत. फुगलेली श्रेढी जिथे टिकते तिथे मूळची टिकणारच.

पत्रलेखकांच्या शंकेत मात्र एक खरा अंश आहे. नुकसान होतं, पण ते फक्त काठावर. aₙ = 1/n² घ्या. x = 1 आणि x = −1 या दोन्ही टोकांना ही श्रेढी अभिसारी. एकदा अवकलन केलं की सहगुणक 1/n होतात आणि x = 1 हे टोक हातचं जातं. दुसऱ्यांदा केलं की x = −1 सुद्धा गेलं. त्रिज्या तिन्ही वेळा 1.

पण नवी श्रेढी अभिसारी आहे एवढ्याने भागत नाही. तिची बेरीज खरोखर मूळ फलाचा अवकलजच आहे, हे कशावरून? ही काळजी फाजील नाही. जानेवारी 1826 मध्ये आबेलने आपले शिक्षक होल्म्बो यांना लिहिलेल्या पत्रात अनंत श्रेढीचं पदशः अवकलन न तपासता बरोबर मानण्याच्या सवयीवर तक्रार केली आहे. त्याचं उदाहरण −π आणि π यांच्या मधल्या x साठी खरं असलेलं सूत्र आहे:

x/2 = sin x − (sin 2x)/2 + (sin 3x)/3 − …

दोन्ही बाजूंचं पदशः अवकलन करा: 1/2 = cos x − cos 2x + cos 3x − … . x = 0 ठेवलं की उजवीकडे 1 − 1 + 1 − 1 उरतं, त्याला बेरीजच नाही.

घातश्रेढीत असं होत नाही, कारण तिथे फरक मोजून दाखवता येतो. x³ वर पाहू. छेदिकेचा उतार आणि 3x² यांतला फरक (x+h)³ उलगडून h(3x + h) येतो, म्हणजेच h(2x + (x+h)). x आणि x+h दोन्ही r च्या आत ठेवले तर हा फरक 3r|h| हून जास्त नाही. xⁿ साठी हाच फरक n(n−1)/2 · rⁿ⁻²|h| च्या आत राहतो. प्रत्येक पदाला |aₙ| ने गुणून बेरीज करा. येणारी श्रेढी म्हणजे दोनदा अवकलित श्रेढीचंच अर्धं रूप, आणि r तर R च्या आत आहे. त्रिज्या एकदा टिकते तशी दुसऱ्यांदाही टिकते, म्हणून बेरीज सान्त. एकूण चूक एखाद्या स्थिर संख्येच्या |h| पटीहून जास्त नाही, आणि h शून्याकडे नेला की चूकही शून्याकडे जाते. त्रिज्येचा प्रश्न मी आधी घेतला तो यासाठीच. तो सुटल्याशिवाय ही पायरी चढता येत नाही.

मग आबेलच्या श्रेढीचं नेमकं कुठे बिघडलं? तिच्या पदांना क्रमाने r, r², r³ नी गुणून पाहा. तयार होते ती z − z²/2 + z³/3 − … या घातश्रेढीची काल्पनिक बाजू, जिथे z = r(cos x + i sin x). हिची त्रिज्या 1. आबेलने r = 1 घेतलं होतं, म्हणजे त्याचा x कुठलाही असो, z सतत काठावरच होता. r रोवायला लागणारी मोकळी जागा तिथे नव्हतीच. r = 0.99 घेतलंत तर x नुसार पदशः अवकलन बिनधास्त करा. x = 0 वर आता 0.99 − 0.99² + 0.99³ − … येतं, त्याची बेरीज 0.99/1.99, म्हणजे 0.4975. r = 0.999 ला 0.49975. 1/2 हा आकडा आबेलच्या सूत्रात कुठून आला, ते यावरून दिसतं.

eˣ पुढच्या आठवड्यात. तिथे त्रिज्या अनंत असल्याने काठाची ही सगळी कटकट मुळातच नाही.