३१ मार्चनंतरचे पाच महिने

ताळेबंदावर तारीख असते ३१ मार्च. त्याखाली ऑडिटरची सही मात्र ऑगस्टमध्ये, बहुतेकदा सप्टेंबरमध्ये पडते. मधल्या पाच-सहा महिन्यांत धंदा काही थांबलेला नसतो. पार्ट्या बुडतात, दावे निकाली निघतात, गोदामात पाणी शिरतं. यातलं काय मागे नेऊन ३१ मार्चच्या आकड्यांत बसवायचं आणि काय नुसतं सांगून सोडायचं, हे ठरवताना जुनेजाणते मालकही गडबडतात. परवाच एकांनी मला विचारलं, ‘‘साहेब, पार्टी जूनमध्ये बुडाली. मग तोटा मार्चमध्ये कसा?’’

उत्तरासाठी आपण २०१९ सालच्या सांगलीत जाऊ. पूर खरा आहे, कंपनी मात्र मी समजावण्यासाठी रचलेली आहे. हळद आणि मसाल्यांचा व्यापार करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड. ३१ मार्च २०१९ ला अकाउंटंटने काढलेला नफा ६२ लाख. ऑडिटरची सही व्हायची आहे ६ सप्टेंबरला.

पहिली भानगड उधारीची. नागपूरच्या एका घाऊक व्यापारी कंपनीकडून ३० लाख येणं आहे. जूनमध्ये मुंबईच्या एनसीएलटीने तिच्याविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. मालक म्हणणार, ही जूनची गोष्ट. ऑडिटर मात्र खातेउतारा मागे उलटत जातो. नोव्हेंबरनंतर एक पैसा जमा नाही. जानेवारीत दोन चेक परत आलेले. फेब्रुवारीत वसुलीसाठी गेलेला माणूस हात हलवत परतलेला. म्हणजे ती कंपनी मार्चमध्येच आजारी होती, जूनमध्ये फक्त निदान झालं. असं येणं ताळेबंदात पूर्ण किमतीला ठेवता येत नाही. तारणाशिवाय माल देणाऱ्याच्या हाती अशा प्रकरणात फारसं काही लागत नाही, म्हणून पूर्ण ३० लाखांची तरतूद करायची.

आता त्याच रकमेची दुसरी पार्टी घ्या. मार्चपर्यंत वेळेवर पैसे देणारी. मे महिन्यात तिच्या कारखान्याला आग लागली, विमा नव्हता, धंदा बसला. आपलं नुकसान तेवढंच, ३० लाख. पण ३१ मार्चला तो कारखाना धडधाकट उभा होता आणि ते येणंही खणखणीत होतं. आकड्यांना हात लावायचा नाही, तोटा पुढच्या वर्षात जाईल. बातमी कधी आली यापेक्षा ज्या परिस्थितीतून नुकसान झालं ती ३१ मार्चला होती का, हे पाहायचं. सगळी परीक्षा एवढीच. ती लावायला मात्र खातेउतारे नीट वाचावे लागतात.

दुसरी भानगड मालाची. गोदामात ४० टन हळद, खरेदी ९० रुपये किलोची, म्हणजे ३६ लाखांची. एप्रिलच्या शेवटी ती ७० रुपयांनी विकली गेली. ऑडिटरने विचारलं, का? अकाउंटंट म्हणाला, बाजार पडला. खरेदीदाराचं पत्र काढलं तर त्यात कीड लागल्याची तक्रार होती, आणि गोदामाच्या वहीत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच औषधफवारणीची नोंद होती. कीड मार्चमधली, म्हणून माल २८ लाखांना दाखवायचा. नफा आणखी ८ लाखांनी खाली. माल निरोगी असता आणि एप्रिलनंतर घडलेल्या एखाद्या गोष्टीने भाव कोसळला असता, तर उत्तर वेगळं आलं असतं. मालक ‘बाजार पडला’ हे कारण आवडीने पुढे करतात ते त्यासाठीच.

६२ लाखांचे आता २४ लाख राहिले. मालकाचं तोंड उतरलेलं.

मग ऑगस्ट उजाडला. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आपल्या कंपनीच्या गोदामात छातीभर पाणी, ५० लाखांचा माल वाया. हिशेबावर सही अजून बाकी आहे. मालकाला वाटतं, एवढं डोळ्यांदेखत झालंय तर हे धरा की! पण मार्चमध्ये गोदाम कोरडं होतं. आकडे बदलत नाहीत. तरीही गप्प बसायचं नाही. कर्ज देणारी बँक हाच ताळेबंद वाचून निर्णय घेणार. म्हणून काय घडलं, अंदाजे किती नुकसान आणि विम्याचा किती दावा केला, हे सांगावं लागतं. अशा लहान कंपनीला लागू असलेल्या लेखा मानक ४ नुसार ते संचालकांच्या अहवालात येतं. इंड एएस पाळणाऱ्या मोठ्या कंपन्या हिशेबाच्या टिपांतच देतात.

याला एक मोठा अपवाद आहे. पुराने कंपनी इतकी मोडली की संचालकांनी धंदा बंदच करायचं ठरवलं, तर घटना नंतरची म्हणून सोडून देता येत नाही. चालत्या धंद्याचं गृहीतकच गेलं, तर सगळा ताळेबंद नव्याने मांडावा लागतो.

ऑडिटरला हे सगळं कळतं कसं? ऑडिटिंगचं मानक ५६० त्याला सहीच्या तारखेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन तपासायला सांगतं. व्यवहारात तो एप्रिलपासूनचं बँक स्टेटमेंट घेतो आणि मार्चअखेरची उधारी खरंच वसूल झाली का ते बघतो. एप्रिल-मे मधल्या क्रेडिट नोटा काढतो, कारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फुगवलेली विक्री तिथून गुपचूप परत येते. संचालक मंडळाची नंतरची इतिवृत्तं वाचतो, वकिलांकडून दाव्यांची स्थिती लेखी मागवतो आणि शेवटी व्यवस्थापनाकडून लेखी निवेदन घेतो.

चूक होते ती बहुधा या निवेदनाच्या तारखेत. काम जूनमध्ये उरकतं, पत्र जूनचं फाइलला लागतं, सही सप्टेंबरमध्ये होते. मधले अडीच महिने कोणीच पाहिलेले नसतात. फाइल तपासताना मी आधी या दोन तारखा शेजारी ठेवतो. अंतर दिसलं की पुढची पानं जरा सावकाश उलटतो. आपल्या उदाहरणात जूनच्या पत्रावर भागवलं असतं, तर अख्खा पूर निसटला असता.

६ सप्टेंबरला सही झाली, असं धरू. १२ तारखेला विमा कंपनीचं पत्र आलं: पॉलिसीत पुराचं संरक्षण नाही, दावा नामंजूर. वार्षिक सभा ३० तारखेला आहे आणि हिशेब अजून भागधारकांना गेलेले नाहीत. सहीनंतर शोध घेत बसायचं बंधन ऑडिटरवर नसतं, पण कळल्यावर डोळे मिटता येत नाहीत. संचालकांच्या अहवालात ‘विम्याचा दावा केला आहे’ असं वाक्य आहे. ते वाचून बँक निर्धास्त राहील. ऑडिटरने संचालकांना बोलावलं. पहिला प्रश्न अहवालातल्या त्या वाक्याचा, तो दुरुस्त करून घेतला. दुसरा अवघड: विम्याशिवाय कंपनी पुढचं वर्ष तग धरेल का? त्यासाठी रोकडीचा नवा अंदाज मागवला. त्यातून हिशेबच बदलावे लागले, तर तपासणी नव्या तारखेपर्यंत ओढायची, नव्या तारखेचा अहवाल द्यायचा आणि त्यावर यूडीआयएनही नवा घ्यायचा. अकाउंटंटने ६ ते १२ सप्टेंबरचं बँक स्टेटमेंट छापायला घेतलं.